मार्च एंडिंगला एजंटचं कमिशन धरताना

अरे, पार्टीने पैसे दिल्यावरच एजंटला कमिशन असं ठरलंय म्हणून ३१ मार्चला काहीच धरायचं नाही असं करू नकोस, सेल या वर्षी दाखवलास तर त्याचा खर्चही याच वर्षी यायला हवा.

समजा रबाळेच्या युनिटचे त्या एजंटच्या पार्ट्यांकडून १७.७० लाख येणं बाकी आहे, पण त्यात १८% जीएसटी आहे आणि कमिशन बहुतेक वेळा बेसिकवर असतं, म्हणजे १५ लाखांवर २% धरून ३०,००० झाले. आता त्यातली २ लाख बेसिकची एक पार्टी बुडीतच वाटतेय आणि तिची प्रोव्हिजन केली असेल तर तिच्यावर कमिशन धरू नको, २६,००० च धर.

टीडीएस मात्र विसरू नको हां, एजंटच्या नावाने रक्कम ठरलीये तर प्रोव्हिजन खात्याला क्रेडिट केलं तरी तो लागतो.

अ‍ॅग्रीमेंट नीट वाच. हक्क विक्रीलाच तयार होतो आणि फक्त पेमेंट नंतर, की वसुलीशिवाय हक्कच नाही? दुसऱ्या प्रकारात इन्कम टॅक्सवाले खर्च नाकारू शकतात, सीएला आधीच दाखव.

आणि जूनमध्ये पैसे आले की कमिशन प्रोव्हिजनला डेबिट कर, परत खर्चात टाकलंस तर डबल होईल.