एक रुपया ऐंशी पैशांचा शेअर: घेणं सोपं, विकायला गिऱ्हाईक नाही

"काका, निपाणीतून लिहितोय. टेलिग्रामवर टीप आलीय, १ रुपया ८० पैशांचा शेअर. १८ हजारांत १० हजार शेअर येतात. इतका स्वस्त, अजून खाली काय जाणार? घेऊ का?"

घेऊ नकोस. १.८० या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरत नाही. कंपनीचे १०० कोटी शेअर असतील तर बाजाराने अख्ख्या कंपनीचं मोल १८० कोटी केलंय. २० लाख शेअर असलेली दुसरी कंपनी ९०० रुपयांना मिळत असेल, तर तिचंही मोल तेवढंच.

खरी गोची विकताना होते. अशा बऱ्याच शेअरना ५ टक्क्यांचं सर्किट असतं, म्हणजे १.८० चा भाव त्या दिवशी १.७१ च्या खाली जात नाही. ऐकायला बरं वाटतं. पण टीप पसरवणाऱ्या टोळीचा माल विकून झाला की बाजार उघडताच १.७१ ला लाखो शेअर विक्रीला लागतात आणि घेणाऱ्यांचा रकाना जवळजवळ रिकामा. सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे ज्याची ऑर्डर आधी लागली त्याचा नंबर आधी. तुझे १० हजार रांगेच्या शेपटाला. उद्या पुन्हा नवी ऑर्डर, भाव १.६३. असे दहा दिवस गेले की भाव १.१० च्या आसपास, आणि तुझा एकही शेअर विकलेला नाही. स्टॉप-लॉस, म्हणजे ठरवलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर, तोही कामाचा नाही, तो रांगेत आणखी एक ऑर्डर उभी करतो इतकंच. मार्केट यार्डात माल उतरवला आणि व्यापारी फिरकलाच नाही, तशी गत.

"पण व्हॉल्यूम तर भरपूर दिसतोय," असं म्हणशील. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबद्दलचा सेबीचा २ मार्च २०२३ चा अंतरिम आदेश वाच. आधी संबंधितांच्या खात्यांनी आपापसात व्यवहार करून भाव आणि व्हॉल्यूम चढवला, मग जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले. छोटे भागधारक दोन हजारांच्या घरातून पंचावन्न हजारांवर गेले, आणि त्यांना माल विकणाऱ्यांत प्रवर्तकही होते.

याहून वाईट म्हणजे डिलिस्टिंग. कंपनी निकाल वेळेवर देत नाही, मग बीएसईवर ती झेड गटात जाते, पुढे व्यवहार बंद होतात आणि शेवटी एक्स्चेंज तिला सक्तीने काढून टाकतं. नियमाप्रमाणे स्वतंत्र मूल्यांककाने ठरवलेल्या भावाने प्रवर्तकांनी तुझे शेअर घ्यायला हवेत. पण कार्यालयाला कुलूप असेल तर कोणाकडे मागणार? शेअर डिमॅटमध्ये नुसते दिसत राहतात.

टीपेतलं नाव इथे टाकू नकोस, त्यांना फुकटची जाहिरात नको. एक्स्चेंजच्या साइटवर तो शेअर उघड. झेड गट किंवा जीएसएम, म्हणजे एक्स्चेंजची खास नजर असलेला शेअर, असा शेरा दिसला तर तिथेच थांब. शेरा नसेल तर चार-पाच दिवस घेणाऱ्यांचा रकाना बघ: भाव पडतो त्या दिवशी तिथे १० हजार शेअर घेणारं कोणी उभं असतं का?