तोंड आलं आणि पट्टी संपली

"आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बाबांनी रोज घेतली. त्यांची स्मृती जायला लागली का? औषधं मी ताब्यात घेऊ का?"

वर्षभरात चौथ्यांदा हा प्रश्न आला, म्हणून एक अनुभव लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका निवृत्त कारकून. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलीग्रॅम, दर सोमवारी एक. दुकानातल्या पाकिटावर घाईत लिहिलेलं, 'मॉन'. काकांनी वाचलं 'मॉर्न', म्हणजे मॉर्निंग. रोज चहानंतर एक.

अकराव्या दिवशी ते दुकानात गेले. तोंड आलंय, लावायला जेल द्या, आणि ही पट्टीही द्या. फार्मासिस्ट मुलगी थबकली. "काका, यात दहा गोळ्या होत्या. दहा आठवड्यांच्या!" या औषधाचा डोस जास्त झाला की आधी तोंडात फोड येतात, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, हे तिला माहीत होतं. तिने जेल दिलंच नाही. गोळी थांबवायला सांगून डॉक्टरांना फोन लावला, आणि त्याच दिवशी काकांना रुग्णालयात नेलं. पेशी कमी झाल्या होत्या, पण वेळेत सावरल्या.

समुपदेशनासाठी माझ्याकडे आले तेव्हा काका गप्प आणि लेक रडवेली. मी एकच विचारलं, "या दहा दिवसांत एखादी गोळी चुकली?"

"एकही नाही."

विसराळू माणसाचा घोळ वेडावाकडा असतो. कधी दोनदा घेतो, कधी घेतच नाही. काकांनी चुकीचा आदेश चोख पाळला होता. हा वाचनातला घोटाळा होता. (पैशांचे व्यवहार, रोजचे रस्ते चुकत असतील तर मात्र तपासणी हवीच. इथे तसं नव्हतं.)

पुढच्या भेटीत विचारलं, "कचेरीत अक्षर लागलं नाही तर काय करायचात?"

"शेरा मारून कागद परत."

"मग इथे?"

बराच वेळ ते चष्म्याची काडी फिरवत बसले. "जन्मभर काउंटरच्या आत बसलो हो. बाहेर उभं राहून 'हे काय लिहिलंय' विचारायचं म्हणजे..."

घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली समजूत जास्त छळते, असं मानणारी मी. 'विचारलं की अडाणी ठरतो' ही समजूत आम्ही तीन भेटींत उलगडली. ती हाती लागली याचं मला आजही समाधान आहे.

लेकीला म्हटलं, औषधं काढून घेऊ नका, नाहीतर तीच समजूत पक्की होईल. पाकिटावर वार पूर्ण आणि मराठीत लिहून घ्या, सोबत 'रोज नाही' असंही. दुकानात औषध घेताना काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवायचं. या औषधासोबत देतात ती फॉलिक ॲसिडची गोळी दिसायला सारखी असेल तर वेगळ्या डबीत.

डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं तेव्हा वार गुरुवार ठरला. पाकिटावर काकांनी स्वतःच लाल शाईने शेरा मारला, 'खात्री केली', आणि खाली फार्मासिस्टची सही घेतली.