सकाळच्या मुहूर्ताला मोगरा आणू नका

प्रश्न: मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, मुहूर्त सकाळी अकराचा. पाहुण्यांसाठी गजरे आणि अत्तर कोणतं ठेवावं? घरी हिना आहे, चालेल का?

हिना ठेवून द्या, दिवाळीच्या थंडीत काढा. ते उष्ण आणि जड अत्तर आहे. मेच्या घामात लावलं की तासाभरात डोकं धरतं. उन्हाळ्यातल्या लग्नाला वाळा लावावा, फार तर गुलाब. अत्तराचं एवढंच. खरा घोळ गजऱ्यांचा होतो आणि त्यावर आमच्या घरात आजही वाद आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुतणीचं लग्न वैशाखात, डोंबिवलीत, मुहूर्त असाच सकाळचा. दिरांनी फुलांचं सगळं डेकोरेटरवर सोडलं होतं. गजरे आदल्या संध्याकाळी आणून फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी वाटायचे, असा त्याचा बेत. मी तेव्हाच म्हटलं, मोगरा तुमच्या मुहूर्तासाठी थांबणार नाही. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात, दिवसभर ती मिटलेली असते आणि दिवेलागणीनंतर उमलते. वास तेव्हा सुटतो आणि रात्री भरात येतो. म्हणजे आदल्या दिवशीचा गजरा आदल्या रात्रीच संपतो. आणि त्याच सकाळच्या कळ्यांचा गजरा केला तर अकरा वाजता तो नुसता पांढरा दिसतो, वास जेमतेम.

रात्री खोकी आली तेव्हा सगळी खोली घमघमत होती. दीर म्हणाले, "वहिनी, बघा, उगाच काळजी करता." सकाळी सहाला खोकी उघडली तर प्लास्टिकच्या आतून पाणी सुटलेलं, उमललेल्या फुलांच्या कडा तपकिरी, आणि ज्या कळ्या बर्फाच्या कप्प्याला टेकल्या होत्या त्या काळ्या पडलेल्या. वास होता, पण शिळा, आंबूस. नऊवारी नेसून तयार झालेल्या बायकांनी ते हातात घेतले आणि गुपचूप खुर्चीवर ठेवून दिले.

मी माझ्यापुरती सोय केली होती. दादरच्या फूलबाजारातून पहाटे सोनचाफा मागवला होता. वसईकडचा चाफा तिथे रोज येतो. हे फूल सकाळचं आहे, ताजं असताना त्याचा वास ऐन भरात असतो. त्याचा गजरा करायचा नाही. पाकळी दाबली गेली की डाग पडतो. देठाला धरून एकेक फूल केसात खोचायचं, पुरुषांना खिशाला. दाराशी ओल्या फडक्याखाली टोपली ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक फूल दिलं. अक्षता पडल्या तेव्हा मांडवात वास होता तो चाफ्याचाच. दुपारी पंगती उठेपर्यंत फुलं कोमेजली, पण तोवर काम झालं होतं. रिसेप्शनसाठी मात्र त्याच दिवशीच्या मोगऱ्याच्या कळ्या आणवल्या, केळीच्या पानात गुंडाळून सावलीत ठेवल्या आणि पाचच्या सुमारास ओवल्या. स्टेजवर फोटो चालू असताना त्या केसातच उमलल्या.

दिरांचं म्हणणं आजही तेच, की चाफा महाग पडला. पडला. पण फेकून दिलेल्या गजऱ्यांचे पैसेही त्यांनीच दिले होते, ते त्या हिशेबात कधी येत नाहीत.

आता वाळ्याचं थोडं. अस्सल अत्तर कनौजचं, तांब्याच्या डेगेतून वाफ काढून चंदनाच्या तेलात उतरवलेलं. ते महाग असतं, पण एक तोळा दोनतीनशे माणसांना सहज पुरतो, कारण ते शिंपडायचं नसतं; अत्तरदाणीतली काडी मनगटाच्या मागे एकदा फिरवायची. स्वस्तात मिळतं ते बहुधा पॅराफिनमध्ये कालवलेलं. घेताना हातावर लावा आणि बाजारात अर्धा तास फिरा. लावताक्षणी नाकात शिरलं आणि नंतर नुसता तेलकटपणा उरला, तर घेऊ नका. खरा वाळा आधी ओल्या मातीसारखा मंद असतो आणि अंगाच्या उबेने हळूहळू खुलतो. हिरव्या रंगावर जाऊ नका, रंग घालताही येतो.

पैठणीला काडी लागू देऊ नका, तेलाचा डाग रेशमावरून सहजी जात नाही. आणि लावण्याआधी विचारा. अर्धशिशी किंवा दमा असलेल्यांना वाळाही सोसत नाही, त्यांना नुसतं फूल द्या.

संध्याकाळी कार्यक्रम असेल तर माझं सगळं बोलणं उलटं धरा, मोगराच घ्या. डेकोरेटर फ्रिजची भाषा करू लागला तर त्याला स्टेजचे झेंडू द्या आणि माळायची फुलं स्वतः आणा.