भिंतीवरचे सुविचार आणि परीक्षेआधीचे तीस दिवस

"मॅडम, आम्ही सहा जण सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत बसतो. एमपीएससीच्या गट ब संयुक्त पूर्वपरीक्षेला एक महिना उरलाय. रोज ग्रुपवर एक सुविचार टाकायचो, पण आता कोणी उघडूनही बघत नाही. आमच्यातला एक तर वाचला की चिडतो. आम्ही आता सुविचारांचं विषयवार तीस दिवसांचं कॅलेंडर करून भिंतीवर लावावं म्हणतोय. याचा काही उपयोग होतो का, आणि करायचं कसं?"

ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. कॅलेंडर करा असं मी त्यांना सांगितलं, मात्र वचनं शोधायला बसण्याआधी एक काम दिलं. प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं, की गेल्या आठवड्यात अभ्यास नेमका कुठे मोडला. "मन लागत नाही" असं लिहिलेली चिठ्ठी परत दिली. वेळ, जागा, काय घडलं, एवढं हवं.

आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये 'जिद्द', 'यश', 'ध्येय' हे शब्द एकदाही नव्हते. नवीन पीडीएफ आली की हातातलं पुस्तक सुटतं, सराव चाचणीचे गुण ग्रुपवर पडले की संध्याकाळ वाया जाते, दुपारी मेसच्या जेवणानंतर मोबाइल, झालेल्या धड्यांची उजळणी उद्यावर, आणि रात्रीची झोप. कॅलेंडरचे विषय हेच झाले. तीस दिवसांची समान वाटणी केली नाही. उजळणीच्या चिठ्ठ्या सर्वांत जास्त होत्या, म्हणून तिला सर्वांत जास्त दिवस. झोपेचे दिवस मुद्दाम शेवटी ठेवले. पानांवर तारखांऐवजी उलटे आकडे घातले, 30 पासून 1 पर्यंत.

मग वचनं. नामवंतांच्या नावावर फिरणारे सुविचार मी बाजूला ठेवायला लावले, कारण त्यातली किती त्या माणसाची असतात याचा पत्ता लागत नाही. म्हणी घ्या म्हटलं. एक तर त्या पाठ असतात, आणि दुसरं म्हणजे मुख्य परीक्षेच्या मराठीत म्हणी-वाक्प्रचार आहेतच, त्यामुळे वेळ फुकट गेला असं कोणाला वाटत नाही.

पण म्हणींची एक खोड आहे. आपल्या बऱ्याचशा म्हणी दुसऱ्याला मारायचे टोमणे आहेत. 'नाचता येईना अंगण वाकडे' भिंतीवर लागली आणि गटातला जतचा मुलगा गेल्या वेळी थोडक्या गुणांनी हुकलेला असेल, तर ती म्हण त्याच्याच नावाने लागली असं तो धरणार. चिडणारा तोच होता. 'तहान लागल्यावर विहीर खोदणे' ही तर शेवटच्या महिन्यात लावायचीच नाही. विहीर खोदायची वेळ टळून गेली, एवढंच ती सांगते, आणि ते ऐकून पुढच्या तासाला काही करता येत नाही.

म्हणून नियम केला, की ज्याची अडचण त्यानेच म्हण निवडायची. दुसऱ्यासाठी कोणी निवडायची नाही. चिठ्ठ्या निनावी होत्या, तेव्हा कोणाला स्वतःची उघड करायची नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही. तासगावची मुलगी सारखी पुस्तकं बदलायची. तिने हसत 'एक ना धड, भाराभर चिंध्या' उचलली. हीच म्हण दुसऱ्या कोणी तिच्यासाठी लावली असती तर भांडण झालं असतं.

नुसती म्हण वाचून हात हलत नाही. तिच्याखाली एक ओळ लागते, 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशी. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली यावर लेख लिहिला. कधी आणि कुठे काय करायचं हे आधी ठरलेलं असेल, तर ठरवलेलं हातून घडण्याची शक्यता वाढते, असा त्याचा गाभा. तासगावच्या मुलीची ओळ होती, "नवीन पीडीएफ आली, की न उघडता 'परीक्षेनंतर'च्या फोल्डरमध्ये टाकणार आणि समोरच्या पुस्तकाचं चालू पान पूर्ण करणार."

सर्वांत कामाचं पान निघालं ते 'अति तिथे माती'. हे जतच्या मुलाचं. पेपर 100 प्रश्नांचा, वेळ एक तास, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. त्याच्या एका सराव चाचणीत 92 प्रश्न सोडवलेले, 52 बरोबर, 40 चूक. दहा गुण गेले, उरले 42. शेजारच्या मुलीने 70 सोडवले, 50 बरोबर, 20 चूक. पाच गेले, उरले 45. तिची बरोबर उत्तरं याच्यापेक्षा दोनने कमी होती. मग त्याने चाळीस चुका पुन्हा तपासल्या आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी एकही पर्याय बाद न करता गोल भरलेला निघाला. अशा अंदाजातून सरासरीने जवळजवळ काहीच हाती लागत नाही, वर वेळ जातो तो वेगळाच. त्याने ओळ लिहिली, "दोन पर्याय ठामपणे बाद झाले तरच गोल भरणार, नाहीतर खूण करून पुढे." हे पान प्रत्येक चाचणीच्या आदल्या दिवशी लावायचं ठरलं.

म्हणजे तीस दिवसांना तीस म्हणी लागल्याच नाहीत. दहाच घेतल्या आणि फिरवल्या. दर वेळी खालची ओळ मात्र आदल्या फेरीत काय जमलं नाही ते बघून बदलायची. रोज नवं वचन आलं की वाचण्याची मजा येते, पण सवय लागत नाही.

साधारण दुसऱ्या आठवड्यात कॅलेंडर मरतं. भिंतीवरचा कागद डोळ्यांना सरावतो. ओळखायचं सोपं आहे. चहाला उठलात की विचारा, "कालची ओळ काय होती?" दोघांनाही सांगता आली नाही तर कागद भिंतीतच जमा झालाय असं समजा. यांचंही तसंच झालं. मग पान भिंतीवरून काढून मोबाइल चार्जिंगला लावतात त्या बोर्डाच्या वर चिकटवलं, आणि ज्याचं पान त्याने सकाळी बसताना कालचं जमलं की नाही ते दोन मिनिटांत सांगायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणं त्यांना सगळ्यात जड गेलं. स्पर्धा परीक्षेची पोरं सल्ला द्यायला फार उतावीळ असतात.

एका मुलीची चिठ्ठी मात्र कॅलेंडरमध्ये घेतली नाही. घरून लग्नाचा तगादा, ही शेवटची संधी असं बजावलेलं, रात्र रात्र झोप नाही, डबा तसाच परत. तिच्याशी वेगळी बसले, तिच्या परवानगीने वडिलांना बोलावलं. झोप आणि भूक दोन आठवडे उडालेली असेल, किंवा कोणी जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तिथे म्हण लावू नका. डॉक्टरकडे न्या, किंवा 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. जिवाचा धोका वाटला तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

शेवटच्या तीन पानांवर अभ्यासाचं काही नव्हतं. तिसऱ्यावर झोपायची वेळ, दुसऱ्यावर प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि काळं बॉलपेन. पहिल्या पानावरून वाद झाला. दोघांना तिथे जोरदार काहीतरी हवं होतं, बाकीच्यांना पान कोरं. शेवटी त्यावर प्रत्येकाच्या केंद्राचा पत्ता आणि खोलीतून निघायची वेळ लिहिली.