एक मालिका, अनेक नावे: डबिंगमध्ये शीर्षक आणि पात्रांची नावे का बदलतात?

प्रश्न: टीव्हीवर पाहिलेली एक तुर्की मालिका यूट्यूबवर शोधली तर तीच मालिका तीन-चार वेगळ्या नावांनी दिसते, कधी कधी पात्रांची नावंही वेगळी असतात. असं का करतात? आणि ती तीच मालिका आहे की नक्कल, हे कसं ओळखायचं?

उत्तर: मी ठाण्यात राहतो आणि डबिंगसाठी संवाद लिहून देण्याचे काम करतो. त्यामुळे नावांच्या या गोंधळाशी माझा रोजचा संबंध येतो. सगळ्या मालिकांचा पसारा मांडण्यापेक्षा, आपल्याकडे दाखवली गेलेली एकच मालिका घेतली तर बहुतेक कारणे तिच्यातच सापडतील.

तुर्कस्तानच्या कानाल डी वाहिनीवर 2010 ते 2012 या काळात ‘फातमागुलून सुचू ने?’, म्हणजे ‘फातमागुलचा दोष काय?’, ही मालिका चालली. बेरेन सात फातमागुलच्या आणि एंगिन आक्युरेक केरीमच्या भूमिकेत होते. आपल्याकडे झिंदगी वाहिनीने ती हिंदीत आणली, तेव्हा शीर्षकातील प्रश्न गळून केवळ ‘फातमागुल’ उरले. पाकिस्तानातील उर्दू वन वाहिनीने प्रश्न ठेवला, पण तो नायिकेच्या तोंडी दिला: ‘फातमागुल: आखिर मेरा कसूर क्या’. स्पॅनिशमध्ये मूळ शीर्षक जवळजवळ शब्दशः राहिले, तर अरबी वाहिन्यांवर ती ‘फातिमा’ झाली आणि नायिकेचे नावही फातिमाच झाले. चित्रीकरण एकच असूनही ही मालिका चार ठिकाणी चार नावांनी ओळखली जाते, ती अशी.

शीर्षक वाहिनी ठरवते, संवादलेखक नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्याकडे संहिता येते तेव्हा बहुतेक वेळा शीर्षक आधीच पक्के झालेले असते. ते कार्यक्रमपत्रिकेच्या छोट्या चौकटीत मावावे लागते आणि जाहिरातीत एका दमात म्हणता यावे लागते. शिवाय आपल्याकडे शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवण्याची पद्धत असल्यामुळे मनात असलेले नाव आधीच दुसऱ्याने घेतलेले असू शकते. ‘फातमागुल’ एवढेच ठेवण्याने वाहिनीची सोय झाली, पण प्रेक्षकाचे थोडे नुकसानच झाले असे माझे मत आहे, कारण बलात्कारानंतर समाज दोष कोणाला देतो हा मालिकेचा गाभा त्या गाळलेल्या प्रश्नातच होता.

पात्रांच्या नावांचे गणित निराळे असते, कारण तेथे पडद्यावरचे ओठ आड येतात. प, फ, ब, भ, म उच्चारताना आपले ओठ मिटतात आणि इंग्रजी धाटणीचा फ उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. चेहरा जवळून दाखवलेला असेल तर प्रेक्षकाला हे नेमके दिसते. कोणी ‘फातमागुल’ अशी हाक मारत असेल तर पहिल्या अक्षराला ओठ दातांना टेकतो आणि मधल्या ‘म’ला ओठ मिटतात. ‘फातिमा’मध्ये या दोन्ही हालचाली त्याच क्रमाने येतात, केवळ शेवटचा ‘गुल’ जिरवावा लागतो. तेथे ‘सरिता’ बसवायला गेलात तर ओठ मिटलेले दिसतील आणि आवाज मात्र ‘रि’चा येईल. म्हणून डबिंगमधील बदललेले नाव पुष्कळदा मूळ नावाचे नातलग वाटते. ‘ग्युमुश’ ही तुर्की मालिका 2008 मध्ये एमबीसी समूहाच्या वाहिनीवर सीरियाच्या बोलीत ‘नूर’ या नावाने गाजली. तिच्यातील मेहमेतचा मुहन्नद झाला, तरी सुरुवातीचा ‘म’ टिकला. मेहमेत हे मुहम्मदचेच तुर्की रूप आहे, त्यामुळे मद्य घेणाऱ्या नायकाला अरबी प्रेक्षकांसमोर ते नाव देणे टाळले असावे, हा तर्क मला पटतो.

हा नियम सगळीकडे पाळला जातो असे नाही. फिलिपिन्समध्ये कोरियन मालिका टागालोगमध्ये आणताना नावे सरसकट इंग्रजी वळणाची करत असत: ‘ऑटम इन माय हार्ट’मधील भावंडे तेथे जेनी आणि जॉनी झाली आणि मालिका ‘एंडलेस लव्ह’ या नावाखाली लागली. पुढे तिची स्थानिक आवृत्ती निघाली तेव्हा पात्रांसाठी कोरियन नावे न घेता डबिंगमधील जेनी आणि जॉनीच घेतली गेली. याउलट ऐतिहासिक मालिकेत नावांना हात लावता येत नाही. ‘मुहतेशेम युझयिल’ या तुर्की मालिकेतील सुलेमान आणि हुर्रेम ही इतिहासातील माणसे असल्यामुळे सारा बदल शीर्षकावरच निभावला: अरबीत ‘हरीम अल-सुलतान’, पाकिस्तानात ‘मेरा सुलतान’, बांगलादेशात ‘सुलतान सुलेमान’.

काही नावे तर कोणी ठरवून बदललेलीही नसतात. संहिता बहुधा इंग्रजी भाषांतराच्या वाटेने येते आणि त्या वाटेवर तुर्की अक्षरांवरील खुणा गळून पडतात. ‘फातमागुल’मधील धनाढ्य कुटुंबाचे आडनाव याशारान आहे, पण ‘श’ची खूण गेली की ते यासरान वाचले जाते. त्याच घरातील एर्दोआनच्या नावात जे ‘ग’सारखे अक्षर दिसते ते जवळजवळ अनुच्चारित असते, तरी वाचणारा ‘एर्डोगन’ म्हणून मोकळा होतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मी मूळ ध्वनिफीत ऐकून नावांची यादी देवनागरीत करतो. ती यादी पहिल्याच दिवशी सगळ्या कलाकारांना दिली नाही, तर चाळिसाव्या भागात एकाच माणसाला दोघे जण दोन नावांनी हाक मारताना ऐकू येतात. नात्याच्या हाकांचे तर विचारूच नका. तुर्कीत थोरल्या बहिणीला किंवा वयाने मोठ्या बाईला ‘आब्ला’ म्हणतात. ती हाक मराठीत तशीच ठेवली तर नौपाड्यातील एखाद्या आजी विचारतील की या धडधाकट बाईला सगळे अबला का म्हणत आहेत! तेथे ‘ताई’च लागते, आणि ‘ताई’ला ओठ मिटत नाहीत म्हणून वाक्य थोडे मागेपुढे करून ती हाक पाठमोऱ्या क्षणावर ढकलावी लागते.

आता ओळखण्याविषयी. चेहरे तेच असतील तर नाव काहीही असो, ते डबिंग आहे. चेहरे बदलले की ती पुनर्निर्मिती असते, आणि तेथे ओठांचे बंधन नसल्यामुळे नाव पूर्ण मोकळेपणाने निवडले जाते. स्टार प्लसवर 2017 मध्ये आलेली ‘क्या कसूर है अमला का?’ ही फातमागुलचीच भारतीय पुनर्निर्मिती होती. गंमत म्हणजे हिंदी डबिंगने गाळलेला प्रश्न या नव्या मालिकेच्या शीर्षकात परत आला, म्हणजे शीर्षकावरून पाहिले तर नक्कलच मुळाच्या अधिक जवळ गेली. स्पेनमध्ये याच कथेवरून ‘अल्बा’ निघाली, तिच्यातही चेहरे आणि नावे वेगळी आहेत.

भागांच्या संख्येवर मात्र विसंबू नका. तुर्कीतील एक भाग दीड तासाच्या आसपास असतो आणि इतर देशांत त्याचे तुकडे करून दाखवतात, त्यामुळे मूळच्या 80 भागांची मालिका दुसरीकडे सहज दुप्पट लांब दिसते. शोधायचेच असेल तर नायक-नायिकेची भूमिका करणाऱ्या दोघांची खरी नावे एकत्र टाकून शोधा, कारण डबिंगमध्ये कलाकारांची नावे कोणी बदलत नाही. ती नावे ठाऊक नसतील तर शेवटची नामावली थांबवून वाचा. बऱ्याच वाहिन्या ती घाईघाईने पुढे सरकवतात किंवा कापतात, पण यूट्यूबवरील अधिकृत भागांमध्ये ती पुष्कळदा शाबूत असते, आणि मूळ शीर्षक बहुधा तेथेच हाती लागते.