एकटा असताना शहाणा, मित्रांत असताना धाडसी: किशोरवयाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. खाडीकाठीच वाढला, त्यामुळे भरती-ओहोटी त्याला माझ्यापेक्षा चांगली कळते. एकटा असला तर जेटीवरून कधीच उडी मारत नाही. पण चार मित्र जमले की पाणी उतरलेले असतानाही मारतो. विचारले तर म्हणतो, ‘धोका मला माहीत आहे.’ मग मारतो कशाला? (एक आई, रत्नागिरी तालुका)

तो खरे बोलतो आहे, आणि त्याच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग, जेसन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा नेमका उलगडा करणारा एक प्रयोग केला आणि तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 14 ते 18 वर्षांची मुले, 19 ते 22 वर्षांचे तरुण आणि 24 ते 29 वर्षांचे प्रौढ अशा तीन गटांना एमआरआय यंत्रात झोपवून पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. वाटेत वीस चौक होते. चौकाजवळ येताच पिवळा दिवा लागे आणि चालवणाऱ्याला ठरवावे लागे, थांबायचे की तसेच निघायचे. थांबले तर थोडा वेळ जाई. न थांबता सुखरूप पार झाले तर वेळ वाचे. मात्र टक्कर झाली तर थांबण्यापेक्षाही जास्त वेळ वाया जाई. लवकर पोहोचणाऱ्याला अधिक पैसे मिळणार होते.

प्रत्येकाने हा खेळ एकदा एकट्याने खेळला आणि एकदा, त्याचे दोन मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर आपल्याकडे बघत आहेत हे ठाऊक असताना खेळला. एकटे असताना किशोरांनी प्रौढांइतकीच सावधगिरी बाळगली. मित्र बघत असताना मात्र त्यांनी अधिक वेळा दिवा ओलांडला आणि त्यांच्या टकराही वाढल्या. प्रौढांच्या खेळात मित्रांमुळे असा फरक पडला नाही. लक्षात घ्या, मित्र त्याच खोलीत नव्हते आणि ‘चल, जा पुढे’ असे कोणी चिथावतही नव्हते. आपल्याकडे कोणी बघते आहे एवढेच पुरेसे ठरले.

मेंदूच्या चित्रांनी पुढचा भाग सांगितला. मेंदूच्या खोल भागात व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचे एक केंद्र आहे. डोपामीन या रसायनाच्या साहाय्याने ‘इथे काहीतरी मिळण्यासारखे आहे’ हा हिशेब ते मांडते. मित्र पाहत असताना किशोरांमध्ये हे केंद्र अधिक उद्दीपित झाले. याउलट, आवर घालण्याचे काम करणाऱ्या कपाळामागच्या भागावर, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या बाजूकडील हिश्श्यावर, मित्रांच्या असण्या-नसण्याने तसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ असा, की मित्र जमल्यावर मुलाचा विवेक कमी होतो असे नव्हे. समोरच्या लाभाचे मोल मात्र त्याच्या लेखी वाढते.

आता आपल्या जेटीवर येऊ. मी आकडे कल्पून मांडतो, ते मोजलेले नाहीत. समजा, सुकतीच्या वेळी उडी मारण्याचा धोका तुमच्या मुलाच्या मनात दहा गुणांचा आहे. एकट्याने उडी मारण्यातली मजा चार गुणांची आहे, म्हणून तो मारत नाही. मित्र जमतात, कोणीतरी ‘भियालंस काय रे?’ म्हणतो, किंवा नुसताच बघतो, आणि तीच मजा पंधरा गुणांची होते. धोका अजूनही दहाच आहे, तो त्याला ठाऊकही आहे. पण पारडे फिरलेले आहे. म्हणून ‘धोका मला माहीत आहे’ आणि ‘मी उडी मारली’ ही दोन विधाने त्याच्या बाबतीत परस्परविरोधी ठरत नाहीत.

या अभ्यासाची मर्यादाही सांगतो: यंत्रात झोपलेली माणसे जेमतेम चाळीस होती. परंतु याच गटाने 2005 मध्ये तीनशेहून अधिक जणांवर एमआरआयशिवाय केलेल्या प्रयोगातही समवयस्कांच्या सोबतीने किशोरांची जोखीम प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक वाढलेली दिसली होती. त्यामुळे वर्तनाविषयीचा निष्कर्ष मी बराच भरवशाचा मानतो, मेंदूतल्या कारणाविषयीचा त्याहून थोडा कमी.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दर पावसाळ्यापूर्वी मुलांना समुद्रातील अपघातांची माहिती देतो, छायाचित्रे दाखवतो, आकडे सांगतो. मुले गंभीर होतात, प्रश्नही विचारतात. पण आठवड्याभरात तीच मुले पुळणीवर लाटांत दिसतात. माझे कुठे चुकते? (एक शिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा)

सर, आपला उपाय अज्ञानावरचा आहे आणि मुलांची अडचण बहुतांशी अज्ञानाची नाही. व्हॅलेरी रेना या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नावर बरीच वर्षे काम केले आहे. किशोर स्वतःला अभेद्य समजतात, ही आपली समजूत त्यांच्या मते बरीचशी चुकीची आहे. अनेक धोक्यांची शक्यता मुले प्रत्यक्षाहून जास्तच धरतात. फरक विचाराच्या पद्धतीत आहे. अनुभवी प्रौढ माणूस उधाणाच्या पाण्याकडे बघून गणित करत बसत नाही, त्याला गोष्टीचे सार कळते आणि तो मागे फिरतो. मुलगा मात्र लाभ आणि तोटा खरोखरच तोलून पाहतो. एका अभ्यासात ‘शार्क असलेल्या पाण्यात पोहणे ही चांगली कल्पना आहे का?’ अशा प्रश्नांना ‘नाही’ म्हणायला किशोरांना प्रौढांपेक्षा किंचित अधिक वेळ लागला. उत्तर त्यांचे बरोबरच आले, पण ज्याचा विचारसुद्धा करायला नको, त्याचा त्यांनी विचार केला.

यावरून आपल्या तासाची अडचण लक्षात येईल. आकडे सांगून आपण मुलांना तोलण्यासाठी आणखी सामग्री देतो. ‘शंभरातले अमुक बुडतात’ हे ऐकून मुलगा उरलेल्यांत स्वतःला धरतो, आणि गणिताच्या दृष्टीने ते चुकीचेही नसते. शिवाय आपण हे सारे वर्गात, शांत डोक्याने, बाकावर बसलेल्या मुलांना सांगतो. निर्णय होतो तो दुसरीकडे, ओल्या अंगाने, सोबत्यांच्या घोळक्यात. वर्गात घेतलेली प्रतिज्ञा तिथे उपयोगी पडेलच असे नाही.

माझ्या मते आकड्यांना दिलेला वेळ कमी करून तो एका स्थानिक नियमाला द्यावा, आणि नियम असा असावा की तो पाळताना काहीच तोलावे लागू नये. ‘ओहोटीच्या वेळी काळजी घ्या’ हा नियम नव्हे, कारण काळजी किती घ्यायची हे प्रत्येक जण तिथे जाऊन ठरवतो. ‘जेटीची शेवाळलेली पायरी उघडी दिसली की उडी नाही’ हा नियम आहे, कारण पायरी एकतर दिसते किंवा दिसत नाही. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत माणसाच्या उंचीइतका फरक पडू शकतो. म्हणून कोणती पायरी ठरवायची हे गावातल्या जाणत्या मच्छीमाराबरोबर जाऊन, पाणी उतरलेले असताना तळ पाहून ठरवावे. पुळणीसाठीही अशीच एखादी डोळ्यांना दिसणारी खूण निवडता येते. मुलांनाच ती खूण रंगवू दिली तर आणखी बरे, कारण मग ती पाळणे घोळक्यात भित्रेपणाचे ठरत नाही.

प्रश्न: माझा पुतण्या सतरा वर्षांचा. सुट्टीत आमच्या बोटीवर येतो तेव्हा तांडेलाचे सगळे ऐकतो, जाळे ओढताना एक चूक करत नाही. तोच मुलगा बंदरावर मित्रांबरोबर मोटारसायकल हाणतो तेव्हा ओळखू येत नाही. याला दोन डोकी आहेत काय? (एक बोटमालक, रायगड जिल्हा)

डोके एकच आहे, पण सोबत दोन प्रकारची आहे. स्टाइनबर्ग यांच्याच सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 18 ते 22 वर्षांच्या तरुणांना काही वेळा एकटे, काही वेळा समवयस्कांच्या गटात, आणि काही वेळा अशा गटात ठेवले ज्यात एक जण 25 ते 30 वर्षांचा होता. समवयस्कांच्या गटात जोखीम वाढली. थोडा मोठा माणूस त्यात असला की निर्णय एकट्या तरुणाने घेतल्यासारखे, म्हणजे पुन्हा सावध झाले. तुमच्या बोटीवर तांडेल आणि वयाने मोठे खलाशी हेच काम करतात. तिथे मान मिळतो तो जाळे नीट ओढल्याने, आणि शाबासकीची किंमत तुमच्या पुतण्याला बंदरावरच्यापेक्षा कमी नाही. पारितोषिक तेच, मिळण्याची रीत वेगळी.

म्हणून पावसाळ्यात मासेमारी बंद असताना त्याला रिकामा सोडू नका. जाळी शिवणे, इंजिन उघडणे अशा कामांत विशी-पंचविशीच्या पुढच्या खलाशाबरोबर त्याला ठेवा. वडीलधाऱ्याने लक्ष ठेवणे आणि चार-सहा वर्षांनी मोठ्या मुलाने सोबत काम करणे यांत मला दुसरे अधिक परिणामकारक वाटते.

मोटारसायकलविषयी मात्र मानसशास्त्र बाजूला ठेवून सांगतो. गिअरच्या गाडीचा परवाना 18 वर्षांपूर्वी मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. किल्ली तुमच्या खिशात ठेवा.

प्रश्न: मी सोळा वर्षांचा आहे. मोठी माणसे सारखी म्हणतात, ‘तुमचा मेंदू पंचविशीपर्यंत अर्धवट असतो.’ मग आमच्या कोणत्याच निर्णयाला किंमत नाही का? (एक विद्यार्थी, मालवण)

ते अर्धे खरे आहे आणि उरलेले सोयीचे आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील जोडण्यांची छाटणी आणि मज्जातंतूंवरील वेष्टन चढण्याचे काम विशीच्या मध्यापर्यंत चालते, हे खरे. पण पंचविसाव्या वाढदिवसाला काही एकाएकी पूर्ण होत नाही, आणि एकाच वयाच्या दोन मुलांत बराच फरक असतो. भारतासह 11 देशांतील 10 ते 30 वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जणांचा एक अभ्यास झाला. त्यात उत्तेजनाची ओढ सुमारे 19 व्या वर्षी शिगेला पोहोचलेली दिसली, तर स्वतःला आवरण्याची क्षमता विशीच्या मध्याकडे जाऊन स्थिरावली. त्याच पाहणीत स्मरण आणि तर्क यांसारखी क्षमता मात्र सोळाच्या आसपास प्रौढांइतकी झालेली आढळली. म्हणजे कोणत्या शाखेला जायचे, कोणता व्यवसाय शिकायचा असा निर्णय वेळ घेऊन, माहिती गोळा करून तू घेतलास तर तो पोरकट म्हणून उडवून लावण्याचे शास्त्रीय कारण नाही. घाईत, चिडलेला असताना किंवा मित्र बघत असताना घेतलेल्या निर्णयाची गोष्ट वेगळी.

मित्रांची सोबत ही केवळ खोडी आहे असेही समजू नकोस. पत्त्यांचे गठ्ठे निवडून कोणता फायद्याचा हे शोधण्याच्या एका खेळात, समवयस्क पाहत असताना 18 ते 22 वर्षांच्या तरुणांनी अधिक चाचपणी केली आणि ते एकट्याने खेळणाऱ्यांपेक्षा लवकर शिकले. लाभाकडे ओढ घेणारी यंत्रणा तीच. चूक झाली तर फक्त पत्ते हरावेत अशा ठिकाणी ती शिकवते. जेटीखाली खडप असेल तर दुसऱ्या प्रयत्नाची संधी मिळत नाही, म्हणून तिथला निर्णय घरून निघतानाच करून ठेव.