जिनिंग आणि तेल मिल: एकत्र हिशेब कधी लागतो?

भाऊ, 'आमची खाजगी, छोटी कंपनी, आम्हाला एकत्रित ताळेबंद कशाला?' हीच पहिली चूक. तेल मिलच्या कंपनीत तुमच्या जिनिंग कंपनीचे 60 टक्के शेअर आहेत, म्हणजे ती उपकंपनी झाली. कंपनी कायदा 2013 च्या कलम 129(3) प्रमाणे स्वतःच्या हिशेबासोबत एकत्रित पत्रकंही करावीच लागतात. सूट मुख्यतः मधल्या कंपनीला मिळते, जिच्या वरची होल्डिंग कंपनी ती पत्रकं भरते. तुमच्या वर कोणीच नाही.

दुसरी चूक मीही केली होती: दोन्ही ताळेबंदांची नुसती बेरीज. समजा, 40 लाखांत पडलेली सरकी तुम्ही मिलला 50 लाखांत विकली. एकत्रित हिशेबात ही विक्री आणि मिलची खरेदी दोन्ही पूर्ण काढा. 31 मार्चला निम्मी सरकी मिलच्या गोदामातच पडून असेल, तर त्या साठ्यातून 5 लाख नफाही वजा करा, कारण माल घराबाहेर गेलाच नाही. मिलमधला इतरांचा 40 टक्के हिस्सा मात्र वेगळा दाखवा.

म्हणून आधी दोघांच्या खात्यातली एकमेकांची बाकी जुळवा. गुडविलचं नंतर पाहू.